प्लेट हीट एक्स्चेंजरवरचं फ्री कूलिंग : अंश कुठे गळतात आणि चेंजओव्हरला चिलर का पडतो? या चुका टाळा

ऑफिसच्या इमारतीत बाहेर कडाक्याची थंडी असली तरी आतल्या भागाला थंडावा लागतोच. खिडकीपासून लांब बसलेली माणसं, दिवे, संगणक, सर्व्हर रूम यांची उष्णता बाहेर पडायला वाट नसते. ज्या इमारतीत प्रत्येक एएचयू बाहेरची हवा हवी तेवढी आत घेऊ शकतो, तिथे ती हवाच काम भागवते. पण फॅन कॉइलवर चालणाऱ्या, ताज्या हवेची डक्ट बेताची असलेल्या इमारतीत हा मार्ग नसतो. तिथे कूलिंग टॉवरचं गार पाणी प्लेट हीट एक्स्चेंजरमधून (पुढे नुसतं पीएचई म्हणतो) फिरवून चिल्ड वॉटर थंड करायचं आणि कॉम्प्रेसर बंद ठेवायचा, हाच मार्ग उरतो.

ही व्यवस्था बसवलेल्या बऱ्याच इमारतींत ती वर्षातून जेमतेम काही दिवस चालते. मग हवामानाला दोष दिला जातो. प्रत्यक्षात टॉवरपासून कॉइलपर्यंतच्या वाटेवर कुठे दोन, कुठे तीन अंश वाया गेलेले असतात आणि ते कुणी मोजलेले नसतात. दुसरी तक्रार चेंजओव्हरची असते: फ्री कूलिंगवरून चिलरवर यायच्या वेळी चिलर ट्रिप होतो, ऑपरेटर वैतागून सिस्टिम कायमची चिलरवर टाकतो आणि पीएचई शोभेची वस्तू होऊन बसतो. या लेखात या दोनच गोष्टी एका उदाहरणाच्या आधाराने पाहू.

उदाहरणातल्या इमारतीत 700 किलोवॅटचे दोन चिलर आहेत. डिझाइनला चिल्ड वॉटर 7 अंशांना जातं आणि 13 अंशांना परत येतं. कूलिंग टॉवरचे दोन सेल आहेत. डिझाइन वेट बल्ब 24 अंश, टॉवरमधून पाणी 29 अंशांना बाहेर पडतं, म्हणजे अप्रोच 5 अंश. प्रत्येक कंडेन्सर पंप सेकंदाला 33 लिटर पाणी देतो. हिवाळ्यात इमारतीचा भार 420 किलोवॅटवर येतो. ज्या दिवशीचं गणित करायचं त्या दिवशी बाहेर वेट बल्ब 5 अंश आहे.

उन्हाळ्यातला अप्रोच हिवाळ्यात वापरणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. टॉवरच्या डेटाशीटवर 5 अंश अप्रोच लिहिलेला असतो, डिझायनर तोच आकडा उचलतो आणि हिशेब करतो: वेट बल्ब 5, अधिक 5, म्हणजे टॉवरचं पाणी 10 अंश. हा हिशेब चुकतो, कारण गार हवेची बाष्प धरण्याची ताकद फार कमी असते. 24 ते 32 अंशांच्या पट्ट्यात संपृक्त हवेची एन्थाल्पी दर अंशाला किलोमागे साधारण 4.8 किलोज्यूल वाढते. 5 ते 10 अंशांच्या पट्ट्यात ती वाढ 2.2 च्या आसपास येते. म्हणजे तेवढीच उष्णता काढायला पाण्याला हवेपेक्षा कितीतरी जास्त गरम राहावं लागतं. आपल्या उदाहरणातल्या टॉवरवर पूर्ण डिझाइनचा भार आणि पूर्ण पाणी ठेवलं, तर 5 अंश वेट बल्बला अप्रोच 12 अंशांच्या घरात जातो.

सुदैवाने हिवाळ्यात भार कमी असतो आणि कॉम्प्रेसर बंद असल्यामुळे त्याची उष्णताही टॉवरवर येत नाही. मग अप्रोच किती राहणार हे किती सेल चालू आहेत यावर ठरतं. नेहमीच्या कंट्रोल लॉजिकमध्ये 'एक पंप, एक सेल' असा नियम असतो. 420 किलोवॅट उष्णता आणि एका पंपाचं पाणी एकाच सेलवर टाकलं, तर अप्रोच सुमारे 7 अंश येतो, म्हणजे पाणी 12 अंशांना मिळतं. तोच पंप, तेवढंच पाणी दोन्ही सेलवर पसरलं आणि दोन्ही पंखे चालवले, तर अप्रोच 4 अंशांवर येतो आणि पाणी 9 अंशांना मिळतं. एक व्हॉल्व्ह उघडला आणि 3 अंश कमावले. दुसऱ्या पंख्याची वीज लागते, पण त्या बदल्यात अख्खा कॉम्प्रेसर बंद राहतो.

यासाठी टॉवर घेतानाच एक गोष्ट मागून घ्यावी लागते: सेलमधून निम्मं पाणी गेलं तरी नोझलनी सगळं फिल सारखं भिजवलं पाहिजे. फिलचा काही भाग कोरडा राहिला की हवा तिथूनच वाट काढते आणि वरचा हिशेब कोसळतो. आणखी एक मर्यादा: बाहेरचं तापमान शून्याखाली जातं तिथे सेलमागे पाणी कमी ठेवणं धोक्याचं, कारण फिलच्या कडेला बर्फ धरतो. तशा हवामानात एकच सेल भरून चालवा, पंख्याचा वेग कमी करा. तेव्हा वेट बल्ब इतका खाली असतो की जास्तीचे 3 अंश लागतही नाहीत.

डिझाइनच्या वेळी टॉवर उत्पादकाकडून हिवाळ्यातल्या वेट बल्बचे कर्व्ह लेखी मागवा. 5, 8 आणि 11 अंश वेट बल्ब, भार फ्री कूलिंगचा, सेल दोन. हे तीन बिंदू मिळाले की अंदाजाने काही करावं लागत नाही.

पीएचईचा अप्रोच स्थिर धरणे

आपल्या पीएचईत टॉवरचं पाणी 9 अंशांना येतं, 12 अंशांना जातं. हिवाळ्यात चिल्ड वॉटरचा सेटपॉइंट 7 वरून 11 अंशांवर नेलेला आहे: ते 16 अंशांना येतं, 11 अंशांना जातं, प्रवाह सेकंदाला 20 लिटर. अप्रोच 2 अंश. पण हे 2 अंश फक्त याच स्थितीत लागू आहेत. टॉवरचं पाणी 12 अंशांना यायला लागलं, तर पीएचईतून 14 अंश मिळेल असं धरणं चूक आहे. कारण प्रवाह तेच असतील तर पीएचईची इफेक्टिव्हनेस टिकते, अप्रोच टिकत नाही. इथे इफेक्टिव्हनेस म्हणजे 16 ते 11 या 5 अंशांना 16 ते 9 या 7 अंशांनी भागायचं: 0.71. टॉवर 12 अंशांवर असेल तर उपलब्ध फरक 4 अंशांचा, त्याच्या 0.71 म्हणजे 2.8 अंश. चिल्ड वॉटर 13.2 अंशांना बाहेर पडेल. भाराचा निम्म्याहून जास्त हिस्सा पीएचईने उचलला, उरलेला चिलरने उचलायचा. स्थिर अप्रोच धरणाऱ्या लॉजिकला ही कमाई कमी दिसते आणि ते पीएचई लवकर बंद करून टाकतं.

पीएचई बसवताना होणारी एक चूक मी मुद्दाम इथे सांगतो, कारण ती वर्षानुवर्षं पकडली जात नाही. दोन्ही पाणी एकमेकांच्या उलट दिशेने वाहायला हवीत. एका बाजूचे इनलेट-आउटलेट पाइप उलटे जोडले गेले की दोन्ही एकाच दिशेने वाहतात आणि त्याच प्लेटमधून 420 ऐवजी सुमारे 340 किलोवॅटच मिळतात. दाब ठीक, प्रवाह ठीक, गळती नाही, सगळं व्यवस्थित दिसतं. ओळखण्याची खूण सोपी आहे. पीएचईतून बाहेर पडणारं चिल्ड वॉटर आणि बाहेर पडणारं टॉवरचं पाणी, ही दोन तापमानं शेजारी ठेवून बघा. उलट दिशेच्या प्रवाहात आपल्या उदाहरणात चिल्ड वॉटर 11 आणि टॉवरचं पाणी 12, म्हणजे चिल्ड वॉटर जास्त गार बाहेर पडतं. पाइप उलटे असतील तर चिल्ड वॉटर 11.9 आणि टॉवरचं 11.5 दिसेल. एकाच दिशेच्या प्रवाहात चिल्ड वॉटर बाहेर पडणाऱ्या टॉवरच्या पाण्यापेक्षा गार होऊच शकत नाही. भार, हवामान काहीही असो, ही मर्यादा कधीच ओलांडली जात नसेल तर पाइप तपासा.

पीएचई चिलरच्या शेजारी समांतर लावणे

नकाशावर पीएचई तिसऱ्या चिलरसारखा रांगेत बसवला की पाइपिंग सुबक दिसतं. पण मग फ्री कूलिंग एक तर पूर्ण चालतं, नाही तर अजिबात नाही. पीएचईतून 13.2 अंशांचं आणि चिलरमधून 11 अंशांचं पाणी एकाच हेडरमध्ये मिसळलं तर पुरवठा सेटपॉइंटच्या वर जातो. तो खाली आणायला चिलरला आणखी गार पाणी करावं लागतं. त्यामुळे ऑपरेटर पीएचई बंद ठेवतो.

पीएचईची जागा रिटर्न लाइनमध्ये, चिलरच्या आधी. 16 अंशांचं पाणी आधी पीएचईत जाऊन 13.2 होतं, मग चिलर ते 11 करतो. आपल्या इमारतीत समांतर जोडणीत फ्री कूलिंग 5 अंश वेट बल्बच्या खालीच उपयोगी पडतं. रिटर्नमध्ये लावलेला पीएचई 11 अंश वेट बल्बपर्यंत काहीतरी उचलत राहतो. ऑफिसच्या वर्षात हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना या मधल्या पट्ट्यातले तास भरपूर असतात आणि खरी बचत तिथेच असते.

रिटर्नमध्ये पीएचई टाकताना बायपास विसरू नका. आपल्या पीएचईचा चिल्ड वॉटरच्या बाजूचा दाब-उतार 20 लिटरला 40 किलोपास्कल धरा. उन्हाळ्यात दोन्ही चिलरचं 56 लिटर पाणी त्यातूनच गेलं तर हा उतार सात-आठ पट होईल आणि पंप फुकट भरडला जाईल. अॅश्रे 90.1 या मानकातही हाच विचार आहे: एक्स्चेंजरचा दाब-उतार 15 फूट पाण्याच्या स्तंभापेक्षा, म्हणजे सुमारे 45 किलोपास्कलपेक्षा कमी हवा, नाहीतर फ्री कूलिंग नसताना तो पंपाला जाणवणार नाही अशी व्यवस्था हवी. बायपासचा व्हॉल्व्ह घट्ट बंद होणारा घ्या. त्यातून पाचवा हिस्सा पाणी गळलं तरी पीएचईतून 11 अंशांचं निघालेलं पाणी पुढे 16 अंशांच्या पाण्यात मिसळून 12 होतं आणि दोष पीएचईवर येतो.

सेटपॉइंट 7 वर ठेवून थंडीची वाट बघणे

7 अंशांचं पाणी पीएचईतून हवं असेल तर टॉवरला 5 अंश द्यावे लागतील. त्यासाठी वेट बल्ब शून्याच्या आसपास हवा. 11 अंश चालत असेल तर वेट बल्ब 5 पुरतो. अख्ख्या सिस्टिममध्ये एवढा मोठा फरक पाडणारी आणि एवढी स्वस्त दुसरी गोष्ट नाही.

7 अंशांची गरज मुख्यतः दमट हवेतलं बाष्प काढायला आणि उन्हाळ्यातला पूर्ण भार उचलायला असते. हिवाळ्यात बाहेरच्या हवेचा दवबिंदू खाली असतो आणि कॉइलवर भार तिसऱ्या हिश्शाचा असतो, म्हणून 11, कधी 13 अंशांचं पाणीही पुरतं. तरीही रिसेट चालत नाही, याचं कारण बहुतेक वेळा एखादंच युनिट असतं. सर्व्हर रूमचं किंवा कोपऱ्यातल्या मीटिंग रूमचं कॉइल 7 अंशांवर जेमतेम बसवलेलं असतं. त्याचा व्हॉल्व्ह कायम शंभर टक्के उघडा राहतो आणि व्हॉल्व्हच्या स्थितीवर चालणारं रिसेट लॉजिक सेटपॉइंट वर जाऊच देत नाही. बीएमएसवर हिवाळ्यातल्या एका आठवड्याचा सगळ्या व्हॉल्व्हचा ट्रेंड काढा, गुन्हेगार लगेच दिसतो. त्याचं कॉइल मोठं करा किंवा त्या खोलीला वेगळं युनिट द्या. एका खोलीसाठी अख्ख्या इमारतीचं फ्री कूलिंग अडवणं परवडत नाही.

रिटर्नचं तापमानही याच हिशेबातलं आहे. जुने थ्री-वे व्हॉल्व्ह, बंद असूनही गळणारे टू-वे व्हॉल्व्ह, उघडे राहिलेले बायपास यांच्यामुळे न वापरलेलं गार पाणी रिटर्नमध्ये मिसळतं आणि 16 ऐवजी 13 अंशांनी परत येतं. त्याबरोबर पीएचईची उपयोगी मर्यादा साधारण तीन अंश वेट बल्बने खाली सरकते. म्हणून पीएचईच्या खोलीत काही बिघडलंय का ते बघण्याआधी मजल्यांवरचे व्हॉल्व्ह बघा.

बाहेरच्या कोरड्या तापमानावर चेंजओव्हर करणे

आता कंट्रोल. अजूनही कित्येक ठिकाणी 'बाहेर 10 अंशांच्या खाली गेलं की फ्री कूलिंग' असा एकच नियम असतो. बाहेर 10 अंश असताना आर्द्रता 40 टक्के असेल तर वेट बल्ब 5 च्या किंचित खाली असतो. 90 टक्के असेल तर तो 9 च्या वर जातो. एका दिवशी चिलर पूर्ण बंद ठेवता येतो, दुसऱ्या दिवशी येत नाही. नियम मात्र दोन्ही दिवशी तेच करतो.

वेट बल्ब वापरला तरी सेन्सर भरवशाचा हवा. 10 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असताना सेन्सर 80 टक्के दाखवत असेल तर वेट बल्ब जवळपास पावणेदोन अंश जास्त निघतो आणि फ्री कूलिंगचे कित्येक तास हातचे जातात. आर्द्रतेचे सेन्सर बाहेर राहून सरकतात, त्यामुळे दर हिवाळ्याआधी ते पडताळायला हवेत. जागा सावलीतली हवी आणि टॉवरच्या दमट हवेपासून दूर हवी. गच्चीवर सोय म्हणून टॉवरच्या शेजारच्या भिंतीवर लावलेला सेन्सर टॉवरचाच श्वास मोजत बसतो.

मी ज्याची शिफारस करतो तो नियम प्रश्नच वेगळा विचारतो: आत्ताच्या वेट बल्बला पीएचईतून किती अंशांचं पाणी मिळेल, आणि ते रिटर्नपेक्षा पुरेसं गार आहे का?

```
T_hx = T_ret - E * (T_ret - (T_wb + A))

ON  : T_hx < T_ret - 1.0  (OFF >= 20 min)
OFF : T_ret - T_hx_meas < 0.5 for 2 min  (ON >= 20 min)
```

`T_ret` हे पीएचईच्या आधीचं रिटर्न तापमान, `T_wb` वेट बल्ब, `A` टॉवरचा हिवाळी अप्रोच, `E` इफेक्टिव्हनेस आणि `T_hx_meas` पीएचईनंतर मोजलेलं तापमान. चालू करताना अंदाज वापरायचा, कारण तेव्हा मोजायला काही नसतं. बंद करताना मात्र प्रत्यक्ष मोजलेला फरक बघायचा. चालू व्हायला 1 अंश आणि बंद व्हायला अर्धा अंश, मधे किमान 20 मिनिटं. एवढं अंतर ठेवलं की दर दहा मिनिटांनी व्हॉल्व्ह इकडून तिकडे पळत नाहीत. `A` सुरुवातीला 4 ठेवा. पहिला हिवाळा झाला की ट्रेंडवरून खरा आकडा काढून टाका.

अर्ध्या अंशावर निर्णय घ्यायचा तर दोन सेन्सरमधली चूक त्याहून कमी हवी, आणि बाजारातल्या साध्या सेन्सरची चूकच अर्धा अंश असते. त्यावर उपाय आहे. पीएचईच्या टॉवरच्या बाजूचा व्हॉल्व्ह बंद करा, चिल्ड वॉटर मात्र पीएचईतून फिरू द्या. पाऊण तास थांबा. आता आधीच्या आणि नंतरच्या सेन्सरवर एकच आकडा यायला हवा, कारण मधे उष्णता काढणारं काहीच नाही. आला नाही तर जो फरक असेल तो बीएमएसमध्ये ऑफसेट म्हणून टाका. दोन्ही सेन्सरची स्वतंत्र अचूकता इथे महत्त्वाची नाही, ते एकमेकांशी जुळणं महत्त्वाचं आहे.

चिलर कधी बंद करायचा आणि कधी परत चालू करायचा, हा वेगळा निर्णय आहे. पीएचईनंतरचं पाणी सेटपॉइंटला किंवा त्याखाली 10-15 मिनिटं टिकलं की चिलर बंद. पुरवठा सेटपॉइंटच्या 1 अंश वर गेला, टॉवरचे पंखे शंभर टक्क्यांवर आहेत आणि तरीही 10-15 मिनिटं सुधारणा नाही, तर चिलर चालू. यातली पंख्याची अट गाळली, तर पंखे अजून निम्म्या वेगावर असतानाच चिलर उठतो.

या मधल्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला एक अडचण येते. पीएचई 85 टक्के भार उचलतो आणि चिलरला 60-65 किलोवॅट उरतात. 700 किलोवॅटच्या चिलरला एवढ्या कमी भारावर टिकून राहता येत नाही, तो चालू-बंद होत राहतो. तेव्हा सेटपॉइंट अंशभर वर जाऊ द्या आणि चिलर बंदच ठेवा. बहुतेक ऑफिसमध्ये हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्या इमारतीत तेवढी सवलत नाही, तिथे पीएचईचा टॉवरच्या बाजूचा व्हॉल्व्ह थोडा आवळून चिलरला त्याच्या किमान भाराएवढं काम उरू द्या.

गार कंडेन्सर पाण्यावर चिलर चालू करणे

चेंजओव्हरच्या बहुतेक तक्रारी इथे येऊन थांबतात. रात्रभर फ्री कूलिंग चाललं, सकाळी वेट बल्ब चढला, बीएमएसने चिलर मागवला. टॉवरच्या बेसिनमध्ये 10 अंशांचं पाणी आहे आणि तेच पूर्ण प्रवाहाने कंडेन्सरमध्ये शिरतं. कंडेन्सरमधला दाब चढतच नाही. कंडेन्सर आणि इव्हॅपोरेटर यांच्यातल्या दाबाच्या फरकावरच रेफ्रिजरंट पुढे सरकतं. तो फरक नसला की रेफ्रिजरंट कंडेन्सरमध्ये साचून राहतं, इव्हॅपोरेटर उपाशी राहतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत 'लो इव्हॅपोरेटर प्रेशर'वर मशीन पडतं. तेलाने वंगण होणाऱ्या मशीनमध्ये तेल परत येण्याचाही प्रश्न उभा राहतो आणि अलार्म तेलाच्या दाबाचा येतो. सर्व्हिसवाला येऊन रेफ्रिजरंट कमी आहे असं निदान करतो, गॅस भरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे टॉवरचा सेटपॉइंट 18 अंशांवर नेणं. चिलर शांत होतो, पण पीएचईला 18 अंशांचं पाणी काही कामाचं नाही. चिलर आणि पीएचई एकत्र चालण्याचा पट्टाच त्यामुळे बाद होतो. शिवाय बेसिन आणि पाइपमधलं पाणी गरम व्हायला वेळ लागतो, चिलर मात्र पहिल्या मिनिटालाच पडतो.

बरोबर उपाय कंडेन्सरच्या आउटलेटवर बसवायचा मॉड्युलेटिंग व्हॉल्व्ह. टॉवरचं पाणी गारच राहू द्या, कंडेन्सरमधून जाणारा प्रवाह कमी करा. थोडं पाणी गेलं की ते आत जास्त तापतं आणि दाब उभा राहतो. या व्हॉल्व्हला आदेश बीएमएसच्या पाण्याच्या तापमानावरून न देता चिलरच्या कंट्रोलरकडून द्यावा. हेड प्रेशर कंट्रोलसाठी 0-10 व्होल्टचं आउटपुट पुष्कळ चिलरमध्ये मिळतं आणि ते खऱ्या रेफ्रिजरंट दाबावर चालतं. ऑर्डर देताना ते मागून घ्या, नंतर जोडणं किचकट होतं. किती किमान दाबफरक हवा हे मशीन बनवणाऱ्याच्या पुस्तकात असतं, दुसऱ्या मॉडेलचा आकडा इथे चालत नाही.

चालू होण्याचा क्रम असा ठेवा. आधी व्हॉल्व्ह किमान उघडा राहील असा आणा, मग त्या चिलरचा कंडेन्सर पंप, मग कॉम्प्रेसर, आणि दाब उभा राहील तसा व्हॉल्व्ह हळूहळू उघडू द्या. इथे फ्लो स्विच घात करतो. तो पूर्ण प्रवाहाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर लावलेला असेल तर व्हॉल्व्ह आवळताच 'नो कंडेन्सर फ्लो'वर मशीन थांबतं. स्विच चिलरच्या परवानगी असलेल्या किमान प्रवाहाच्या जरा खाली लावायला हवा, आणि व्हॉल्व्हचं किमान उघडणंही त्याच प्रवाहाला बांधलेलं हवं. दोघांचं एकमेकांशी जमवलेलं नसेल तर एक अलार्म गेला की दुसरा येतो.

सकाळी चिलर पडत असेल तर अलार्मच्या वेळेच्या आधीची आणि नंतरची पाच मिनिटं ट्रेंडवर उघडा. कंडेन्सरचा दाब सपाट आणि इव्हॅपोरेटरचा दाब कोसळताना दिसला, तर गॅस भरायला देऊ नका. रेफ्रिजरंट खरोखर कमी असेल तर तीच तक्रार दुपारी, कोमट पाण्यावरही येईल.

पीएचई उन्हाळाभर विसरून जाणे

टॉवरचं पाणी उघड्यावरचं असतं. धूळ, शेवाळ, फिलचे तुकडे सगळं त्यात येतं, आणि प्लेटमधली फट दोन-चार मिलिमीटरची. पीएचईच्या आधी स्वतंत्र स्ट्रेनर हवाच. उन्हाळ्यात टॉवरच्या बाजूचं पाणी आत तुंबून राहिलं तर जिवाणूंचा थर धरतो आणि लिजिओनेलाचाही धोका असतो. एक तर ती बाजू पूर्ण रिकामी करून ठेवा, किंवा आठवड्यातून एकदा रसायन घातलेलं पाणी त्यातून फिरेल असं वेळापत्रक बीएमएसमध्ये टाका.

हिवाळ्यात कामगिरी घसरल्यासारखी वाटली तर लगेच पीएचई उघडायला घेऊ नका. टॉवरच्या बाजूचा दाब-उतार आणि इफेक्टिव्हनेस हे दोन आकडे कमिशनिंगच्या नोंदीशी ताडून बघा. इफेक्टिव्हनेस कमी आणि दाब-उतार जास्त असेल तर फटी तुंबल्या आहेत. स्ट्रेनर साफ करा, उलट्या दिशेने फ्लश करा. इफेक्टिव्हनेस कमी पण दाब-उतार तेवढाच असेल तर प्लेटवर क्षारांचा किंवा जिवाणूंचा पातळ थर आहे, तिथे रासायनिक धुलाई लागेल. दोन्ही कमी असतील तर पीएचईत दोष नाही, टॉवरचं पाणीच कमी येतंय: पंप, व्हॉल्व्ह किंवा स्ट्रेनर बघा. इफेक्टिव्हनेस ठीक आहे आणि तरीही चिलरकडे जाणारं पाणी पीएचईतून निघालेल्या पाण्याएवढं गार नाही, तर बायपास गळतोय. ही तुलना करायला कमिशनिंगच्या दिवशीचे आकडे, त्या वेळच्या दोन्ही प्रवाहांसकट, लिहून ठेवलेले लागतात. बऱ्याच ठिकाणी नेमके तेच नसतात, कारण कमिशनिंग उन्हाळ्यात उरकलेलं असतं आणि पीएचईतून तेव्हा एक लिटरही फिरलेलं नसतं. करारातच लिहून घ्या की पीएचईची आणि चेंजओव्हरची चाचणी पहिल्या हिवाळ्यात होईल, त्यात रात्रभराच्या फ्री कूलिंगनंतर गार बेसिनवर चिलर मुद्दाम चालू करून दाखवला जाईल, आणि तोपर्यंत शेवटचा हप्ता दिला जाणार नाही.